ट्रान्झिट की पीअरिंग: छोट्या इंटरनेट प्रोव्हायडरने हिशेब कसा मांडावा

ट्रान्झिट विकत घेतले की वरचा प्रोव्हायडर तुम्हाला अख्ख्या इंटरनेटचे राउट, म्हणजे तिथवर पोहोचण्याचे मार्ग, देतो आणि तुमचे राउट जगभर पोहोचवतो. पीअरिंगमध्ये समोरचे नेटवर्क फक्त स्वतःचे आणि स्वतःच्या ग्राहकांचे राउट देते, बहुतेकदा विनामोबदला. त्याच्यामार्फत तिसऱ्याकडे जाता येत नाही. म्हणून पीअरिंग कितीही वाढवले तरी थोडे ट्रान्झिट लागतेच. ठरवायचे ते प्रमाण.

ट्रान्झिटचे बिल बहुधा ९५व्या पर्सेंटाइलवर निघते. दर पाच मिनिटांनी वापर मोजतात, तीस दिवसांत ८,६४० नोंदी होतात, त्यांतल्या सर्वांत वरच्या ४३२, म्हणजे ३६ तासांच्या, सोडून देतात आणि उरलेल्यांतल्या सर्वांत मोठ्या नोंदीवर पैसे आकारतात. रोज संध्याकाळी चार तास गर्दी असेल तर महिन्याचे १२० तास होतात. ती गर्दी बिलात येणारच. त्यामुळे दिवसभराची सरासरी पाहू नका, गर्दीच्या वेळी किती ट्रॅफिक एक्स्चेंजवर, म्हणजे अनेक नेटवर्क एकत्र येऊन पीअरिंग करतात त्या ठिकाणी, वळेल ते पाहा.

समजा, बिलाला धरला जाणारा वापर १० जीबीपीएस आहे आणि गर्दीच्या वेळी त्यातले ६ जीबीपीएस व्हिडिओ आणि कंटेंट नेटवर्कांकडून येते, जी एक्स्चेंजवर हजर आहेत. ट्रान्झिटला दर एमबीपीएसमागे १ एकक धरा, आणि एक्स्चेंजचा पोर्ट व तिथवरची लाइन मिळून २,५०० एकके. बिल ६,००० ने उतरते, निव्वळ वाचतात ३,५००. वापर २ जीबीपीएसच असेल तर त्याच प्रमाणात १,२०० वाचतील आणि खर्च मात्र तोच राहील. तेव्हा थांबणेच बरे.

एक्स्चेंज म्हणजे मुळात एक सामायिक स्विच. राउट सर्व्हरशी एक सेशन जोडले की त्यावर असलेल्या सगळ्यांचे राउट मिळतात, पण सगळे त्यावर नसतात. टियर-१ म्हणजे सर्वांत वरची नेटवर्क ट्रान्झिट विकत घेत नाहीत. ती आपापसांत पीअरिंग करतात, बहुतेक खासगी जोडण्यांवरून, आणि छोट्याला फुकट पीअर करून घेत नाहीत, कारण तुम्ही त्यांचे संभाव्य ग्राहक असता. टियर-२ मात्र वरून विकत घेते, एक्स्चेंजवर पीअर करते आणि तुम्हाला विकतेही.

एकाच टियर-१ वर विसंबण्यातला धोका ऑक्टोबर २००५ मध्ये दिसला. लेव्हल ३ या मोठ्या नेटवर्कने कोजंट या दुसऱ्या मोठ्या नेटवर्कशी पीअरिंग तोडले, तेव्हा फक्त एकाच बाजूला जोडलेले ग्राहक दुसऱ्या बाजूच्या तशाच ग्राहकांपर्यंत पोहोचेनात. दोन ट्रान्झिट घेतलेल्यांचे काम चालू राहिले. माझ्या मते एक्स्चेंजचा पोर्ट घेण्याआधी दुसरे ट्रान्झिट घ्यावे.

एक्स्चेंजचा पोर्ट बंद पडला की ते ६ जीबीपीएस ट्रान्झिटवर परत येते. एखाद्या संध्याकाळचा हा भार सोडलेल्या ३६ तासांत बसतो, बिल वाढत नाही. पण ट्रान्झिटची लाइन तेवढी रुंद हवी. ४ जीबीपीएसची क्षमता ठेवली असेल तर पॅकेट गळू लागतात. म्हणून ट्रान्झिटचा करार कमी वापराचा करा, त्याचा पोर्ट मात्र १० जीबीपीएसचाच ठेवा.