लांबलचक पट्टीची बेरीज: M+, GT की चेकची बटणं?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असले की आडत दुकानातल्या दिवाणजीच्या टेबलावर पट्ट्यांची रांग लागते. एकेका शेतकऱ्याचे चार-पाच लॉट, प्रत्येकाचं वजन वेगळं, भाव वेगळा, वर हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल. हे सगळं मारून एकच आकडा काढायचा असतो. बरेचजण दर लॉटची रक्कम काढून कागदाच्या कोपऱ्यात टिपतात आणि मग त्या टिपलेल्या रकमांची बेरीज करतात. म्हणजे प्रत्येक आकडा दोनदा लिहायचा आणि दोनदा मारायचा, आणि चुकायलाही दोन जागा. खरं तर टेबलावरच्या कॅल्क्युलेटरला ही टिपणी स्वतःजवळ ठेवता येते. त्यासाठी त्यात M+, GT आणि काही यंत्रांत चेकची बटणं, अशा तीन सोयी असतात. नवं यंत्र घेणाऱ्याला किंवा आहे त्या यंत्रावर हात बसवणाऱ्याला यातली कुठली सवय लावावी, हे ठरवता यावं म्हणून हा आढावा.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू. टेबलावरचं साधं कॅल्क्युलेटर ज्या क्रमानं बटणं दाबाल त्याच क्रमानं हिशेब करतं. आधी गुणाकार आणि मग बेरीज, हा शाळेतला नियम ते पाळत नाही. ६.४० क्विंटल गुणिले १४,२०० मारून लगेच अधिक ३.८५ गुणिले १३,६०० मारलंत, तर ते ९०,८८० मध्ये ३.८५ मिळवतं आणि त्या सगळ्यालाच १३,६०० नं गुणतं. पडद्यावर १२३ कोटींच्या वर आकडा येतो. इतका मोठा आकडा निदान डोळ्यांत तरी भरतो. पण डझनाच्या भावाचं किराणा बिल असलं, तर चुकीचा आकडा खपून जाण्याइतका साधा दिसू शकतो. म्हणून गुणाकारांची बेरीज असली की मधल्या रकमा कुठेतरी साठवाव्याच लागतात.

आता एक पट्टी पूर्ण करून पाहू. भाव आणि दर उदाहरणापुरते धरलेत. हळकुंड ६.४० क्विंटल १४,२०० नं, दुसरा लॉट ३.८५ क्विंटल १३,६०० नं, चांगल्या मालाचे २.१० क्विंटल १५,१०० नं आणि कणी पाऊण क्विंटल ९,८०० नं. पोती २४, हमाली पोत्यामागे १५ रुपये, तोलाई ४ रुपये, उचल २५,००० रुपये.

```
6.40 × 14200 M+     90880
3.85 × 13600 M+     52360
2.10 × 15100 M+     31710
0.75 × 9800  M+      7350
24 × 15      M-       360
24 × 4       M-        96
25000        M-     25000
MR                 156844
```

बरोबरचं चिन्ह कुठेच दाबलेलं नाही, हे नीट बघा. M+ आधी गुणाकार पुरा करतं, त्या लॉटची रक्कम पडद्यावर दाखवतं आणि तीच रक्कम आत जमा करतं. पट्टीवर लॉटपुढची रक्कम लिहायची असते ती पडद्यावरून लिहून घ्यायची आणि पुढच्या लॉटकडे वळायचं. वजावटीला M-. चौथ्या लॉटनंतर MR दाबलंत तर एकूण रक्कम १,८२,३०० दिसेल. ती पाहून पुढे गेलात तरी आतल्या साठ्याला धक्का लागत नाही.

GT चं काम वरवर असंच दिसतं. तुम्ही नेहमीसारखं बरोबरचं चिन्ह दाबत जायचं, यंत्र प्रत्येक उत्तर आपणहून जमा करतं आणि GT दाबलं की एकूण दाखवतं. वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही, म्हणून नवशिक्याला हे सोपं वाटतं. चार लॉटपुरतं ते चोखही चालतं. पंचाईत होते ती पाचव्या ओळीला. हमालीसाठी २४ गुणिले १५ बरोबर मारलंत की ते ३६० रुपयेही GT मध्ये अधिकच होतात, आणि १,८२,३०० च्या जागी १,८२,६६० होतात. वजा करायचे तर ० वजा ३६० बरोबर असं मारावं लागतं, आणि घाईत ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

त्याहून मोठा धोका मधे येणाऱ्या माणसाचा. तिसऱ्या लॉटवर असताना कुणी दारातून विचारतं, ‘दिवाणजी, अठरा पोत्यांची हमाली किती होईल?’ तुम्ही सहज १८ गुणिले १५ बरोबर मारता, त्याला २७० सांगता, आणि ते २७० शेतकऱ्याच्या पट्टीत जाऊन बसतात. पडद्यावर याची काही खूण राहत नाही. M+ वर काम करत असता तर हाच हिशेब बरोबरच्या चिन्हानं करून मोकळे झाला असता आणि साठा जसाच्या तसा राहिला असता. माझ्या मते दोन्हींतला खरा फरक हाच आहे. M मध्ये काय जायचं ते तुम्ही ठरवता, GT मात्र दिसेल ते उत्तर गोळा करतं. दुकानात, जिथे दर दोन मिनिटांनी कुणीतरी काहीतरी विचारतं, तिथे मी GT वर पट्टी करणार नाही.

तिसरा पर्याय चेकच्या बटणांचा. कॅसिओच्या MJ-120D सारख्या यंत्रांत मारलेला प्रत्येक आकडा पायरीच्या नंबरासह लक्षात राहतो. बाणाच्या बटणांनी मागे जाऊन एकेक आकडा पाहता येतो आणि चुकला असेल तर तेवढाच दुरुस्त करता येतो. अशा शंभराच्या वर पायऱ्या त्यात मावतात. पोत्यांच्या वजनाची यादी, म्हणजे ५१.२, ५०.८, ५२.० अशी नुसती उभी बेरीज असेल, तर याला तोड नाही. चाळीस पोत्यांची बेरीज काट्याच्या बेरजेशी जुळली नाही, तर पुन्हा पहिल्यापासून मारण्यापेक्षा मागे जाऊन बघणं केव्हाही बरं. तासगावच्या बेदाण्याच्या बॉक्सचं वजन करणाऱ्यालाही हेच यंत्र सुचवीन.

अशा उभ्या याद्या दोन-चार असतील आणि प्रत्येकीची बेरीज हवी, शिवाय सगळ्यांची मिळूनही हवी, तर चेकच्या जोडीला M+ घ्यावं. पहिल्या शेतकऱ्याची वजनं अधिक, अधिक करत मारायची आणि शेवटच्या वजनानंतर बरोबरऐवजी M+ दाबायचं. त्याचं एकूण वजन पडद्यावर येतं आणि आत जमाही होतं. मग दुसरा शेतकरी. शेवटी MR दाबलं की गाडीचं सगळं वजन समोर येतं.

आता M ची खोड. M+ चुकून दोनदा दाबलं गेलं तर पडद्यावर काहीच बदलत नाही, रक्कम मात्र दोनदा जमा होते. दाबताना लक्षात आलं तर लगेच M- दाबायचं, एक रक्कम परत बाहेर येते. लक्षात आलं नाही तर पकडायचं कसं? त्यासाठी एक ताळा आहे. उत्तर लिहून घ्या, साठा पुसू नका, आणि तीच पट्टी आता खालून वर, उलट खुणांनी मारा. जिथे M+ होतं तिथे M-, जिथे M- होतं तिथे M+. शेवटी MR ला शून्य यायला हवं. ७,३५० उरले तर कणीचा लॉट एका फेरीत दोनदा पडलाय किंवा दुसऱ्या फेरीत सुटलाय, हे नजरेनंच कळतं. नुसत्या पूर्ण आकड्यांच्या बेरजेत उरलेल्या रकमेला नवानं भाग गेला, तर ५४ च्या जागी ४५ असे शेजारचे दोन अंक उलटे पडलेत का ते आधी पाहावं. या ताळ्यात एकच गोष्ट सापडत नाही. वजनाच्या चिठ्ठीवरचा ३ तुम्ही दोन्ही वेळा ८ वाचला, तर शून्यच येणार.

दुसरी खोड शिळ्या साठ्याची. कॅसिओच्या यंत्रांवर AC दाबलं तरी M मधला आकडा पुसला जात नाही. सकाळच्या पट्टीचे पैसे आत राहिले तर ते दुपारच्या शेतकऱ्याच्या नावावर जातात. म्हणून पट्टीला हात घालण्याआधी पडद्याच्या कडेला बारीक M दिसतोय का ते बघायचं. दिसला तर आधी साठा पुसायचा.

पुसण्यावरून यंत्र निवडण्याचा एक मुद्दा निघतो, आणि तो किमतीपेक्षा महत्त्वाचा आहे. काही यंत्रांत MR आणि MC ही बटणं वेगवेगळी असतात, तर काहींत दोन्ही मिळून एकच MRC. त्यात एकदा दाबलं की साठा दिसतो आणि लगेच पुन्हा दाबलं की पुसला जातो. बटण जरा सैल असलं किंवा हात जड असला की बघायला जाता जाता साठा जातो. असं झालंच तर घाबरून AC दाबू नका. आकडा बहुधा अजून पडद्यावर असतो, तेव्हाच M+ दाबलं की तो परत आत जातो. पण रोज पन्नास पट्ट्या करणाऱ्यानं वेगळी बटणंच घ्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. महिन्यातून एकदा घरचं बिल जुळवायचं असेल तर MRC नं काही अडत नाही.

फोनवर बहुतेक वेळा ही बटणं समोर नसतात, आणि असली तरी काचेवर बोट न बघता बसत नाही. एका हातानं चिठ्ठ्या उलटत दुसऱ्या हातानं मारायचं असेल तर फोन कामाचा नाही.

यंत्रावर दशांशाची सरकपट्टी असेल तर तीही पाहून घ्या. ती A वर असली की बेरीज-वजाबाकीत मारलेल्या आकड्यात यंत्र आपणहून दोन दशांश घालतं, १२५ मारले की १.२५ धरतं. गुणाकाराला हे लागू नसतं. त्यामुळे लॉटच्या रकमा बरोबर आणि साध्या बेरजाच शंभरपटीनं लहान, असं दिसलं की आधी सरकपट्टीकडे बघायचं. ती F वर ठेवावी.

दुकानात यंत्र हातात आलं की पैसे देण्याआधी काउंटरवरच चार गोष्टी करून घ्या. २ गुणिले ३ मारून M+ दाबा, मग AC, मग MR. ६ दिसले तर साठा AC ला टिकतो. मग यंत्र बंद करून चालू करा आणि पुन्हा MR दाबा. सौदे लांबले आणि यंत्र आपोआप बंद पडलं तर पट्टी राहील का, याचा अंदाज इथे येतो. पुन्हा २ गुणिले ३ M+ मारून लगेच GT दाबा. तिथेही ६ आले तर हे यंत्र M+ ची रक्कम GT मध्येही टाकतं, तेव्हा लॉट एकात आणि वजावट दुसऱ्यात अशी विभागणी त्यावर करता येणार नाही. आणि शेवटी साठा पुसून १ मारा, M+ हे बटण पडद्याकडे न बघता दहा-वीस वेळा मोजून दाबा आणि MR ला तेवढाच आकडा येतो का ते बघा. एका दाबात दोनदा आकडा घेत असेल तर ते यंत्र परत ठेवा, मग त्यावर बाकी काहीही सोयी असोत.