‘सर्व मॉडेलसाठी, सर्व पाण्यासाठी, बारा महिने’ : १,८४९ रुपयांचा फिल्टर आणि माझी अक्कल

आधीच सांगतो, मी एका कारखान्यात क्वालिटीत आहे. बाहेरून आलेल्या मालाचं लेबल वाचायचं, पार्ट मोजायचा, जुळला नाही तर परत पाठवायचा, हेच माझं काम. सोळा वर्षं करतोय. म्हणून हे लिहिताना हात जड झालाय. बायको म्हणाली, लिहू नका, लोक हसतील. हसू देत.

आम्ही वाघोलीत राहतो. उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत बोअर आणि टँकर असं दोन्ही पाणी एकत्र येतं. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, साधारण ८८० असतो. घरात आरओ आहे, आणि त्यातला क्षार अडवणारा मेम्ब्रेन नवा होता तेव्हा मशीनमधून ६० चं पाणी यायचं. मार्चमध्ये ते १४० वर गेलं, म्हणून कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्याने मेम्ब्रेन आणि आधीची दोन-तीन कार्ट्रिज मिळून ४,७०० रुपये सांगितले. आता सांगा, ज्या मशीनचं वय सहा वर्षं, तिच्यावर ४,७०० घालायला कोणाच्या जिवावर येणार नाही? मी ऑनलाइन शोधलं. तोच अख्खा सेट १,८४९ रुपयांना. घरी ऐटीत जाहीर केलं की २,८५१ रुपये वाचवले.

त्या वस्तूच्या पानावर तीन दावे होते. एक, आरओ, यूव्ही, यूएफ सर्व मॉडेलला बसतो. दोन, बारा महिने बदलायला नको. तीन, बोअर, टँकर, नगरपालिका कुठल्याही पाण्यासाठी, २००० टीडीएसपर्यंत. हे तिन्ही आज वाचले की कान गरम होतात. नुसत्या यूव्हीच्या मशीनमध्ये मेम्ब्रेन बसवायची जागाच नसते, मग आरओचा मेम्ब्रेन तिला ‘बसतो’ म्हणजे काय? जो सगळ्यांना बसतो असं लिहितो, त्याने कुठलंच मॉडेल बघितलेलं नसतं. स्वतःच्या मशीनचा मॉडेल क्रमांक आणि मेम्ब्रेनचं माप अक्षरशः लिहिलेलं दिसलं नाही, तर पान बंद करा.

फोटो पाच होते. चौथ्या फोटोत खोक्याची मागची बाजू होती आणि तिच्यावर बारीक अक्षरांत इंग्रजीत काहीतरी छापलेलं होतं. मी बोटाने तो फोटो बाजूला सरकवला. मोठा करून पाहिला नाही. नंतर मुलाने मोठा करून दाखवला, तर त्यावर लिहिलं होतं: नगरपालिकेचं पाणी, टीडीएस ५०० च्या खाली, आयुष्य ३००० लिटर. म्हणजे वर मजकुरात २०००, आणि खाली त्यांच्याच खोक्यावर ५००. कारखान्यात असा माल आला असता तर मी गाडी गेटवरूनच परत पाठवली असती.

आणि त्या बारा महिन्यांचा हिशोब ऐका. आमच्या घरात पाच माणसं. प्यायला आणि स्वयंपाकाला मिळून रोज २० लिटर लागतं. ३००० भागिले २० म्हणजे १५० दिवस, पाच महिने. बारा महिने चालवायचा तर त्यातून ७,३०० लिटर काढावं लागेल. शिवाय ते ३००० लिटरही ५०० च्या आतल्या पाण्याचे, आमच्या ८८० च्या नव्हेत. महिन्यांत दिलेलं आयुष्य म्हणजे निव्वळ थाप असते, कारण दोघांच्या घरातला महिना आणि पाच जणांच्या घरातला महिना एक नसतो. आयुष्य किती लिटर, आणि कसल्या पाण्याचे लिटर, हे दोन्ही विचारा.

२ एप्रिलला ऑर्डर केली, ५ तारखेला खोकं आलं. परत करायची मुदत सात दिवस. आमच्या ओळखीचा मेकॅनिक ‘उद्या येतो दादा’ करत करत उगवला १३ तारखेला, मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणून वस्तू कधीही बसवायची असली तरी खोकं आल्या दिवशीच फोडा. मी निदान पाकीट तरी उघडायला हवं होतं. मेम्ब्रेनच्या मधल्या नळीत पिवळट डाग होता. तो दिसला, आणि मी मनात म्हटलं, पॅकिंगची धूळ असेल. मेकॅनिकने ३५० रुपये घेतले. जाताना म्हणाला, “दादा, जुना मेम्ब्रेन मी नेतो, तुम्हाला काय कामाचा.” मी हसत दिला. ते जुने मेम्ब्रेन पुढे कुठे जातात, धुऊन-पुसून कुणाच्या पाकिटात बसतात, हा माझा नुसता संशय आहे, पुरावा नाही. पण तुम्ही जुना द्याल तेव्हा आधी करवतीने मधून कापून द्या.

आता जिथे मला कळायलाच हवं होतं, ती वेळ. पहिल्याच संध्याकाळी मशीनची आठ लिटरची टाकी वीस मिनिटांत भरली. पूर्वी तासाच्या आसपास लागायचा. मी बायकोला हाक मारून दाखवलं, “बघ, कसा धो धो चालतोय!” अरे, त्या मेम्ब्रेनवर ८० जीपीडी छापलं होतं. म्हणजे दिवसाला ८० गॅलन, साधारण ३०० लिटर, म्हणजे तासाला फार तर साडेबारा. आठ लिटर वीस मिनिटांत म्हणजे तासाला चोवीस! छापलेल्याच्या दुप्पट. पंपाचा दाब काही एका रात्रीत वाढलेला नव्हता. मग हे जास्तीचं पाणी आलं कुठून? न गाळता, सरळ पलीकडे निसटून. आणि वाया जाणाऱ्या पाण्याची नळी बारीक वाहत होती, त्याचाही मला आनंदच झाला, पाणी वाचतंय म्हणून. वेग वाढला, वाया जाणं कमी झालं, हे दोन्ही एकदम झालं तर आनंद मानू नका. मेम्ब्रेन फुटका, खोटा किंवा नीट न बसलेला, या तिन्हींतलं काहीतरी एक आहे.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, “पाणी मचूळ लागतंय रे.” मी म्हटलं, “आई, नवीन फिल्टर आहे, दोन दिवस लागेल तसं.” तिसऱ्या दिवशी तुरीची डाळ चार शिट्ट्या जास्त देऊनही दाण्यासारखी राहिली. तिने डाळवाल्याला बोल लावला. पंचाहत्तर वर्षांच्या बाईच्या जिभेने पहिल्या पेल्यात ओळखलं ते मी मानलं नाही, कारण मी पैसे वाचवले होते ना! टीडीएस मीटर घरातच होता, ड्रॉवरमध्ये. त्याचा बटण सेल संपलेला. वीस रुपयांचा सेल आणायचा कंटाळा केला, आणि घरातली पाच माणसं एकोणीस दिवस ते पाणी प्यायली.

२ मेला सेल आणला. नळाचं ८८०, मशीनचं ६९०.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं: टीडीएस कंट्रोलर बंद करा. हा बहाणा हुशार आहे, कारण त्यात थोडं तथ्य असतं. काही मशीनमध्ये गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी मिसळायचा स्क्रू असतो आणि तो जास्त उघडा असला तर आकडा चढतो. मी स्क्रू पूर्ण बंद केला. ६७०. मग म्हणाले, ओ-रिंग नीट बसली नसेल. म्हणून दुसरा मेकॅनिक बोलावला, त्याने २०० घेतले पण काम चोख केलं. मेम्ब्रेनचं घर उघडलं, ओ-रिंग आणि रबराची सील दोन्ही तपासली, ठीक होत्या. मग बाकी काहीही न हलवता स्वतःच्या पिशवीतला मेम्ब्रेन त्याच जागी घातला, आणि पहिली भरलेली टाकी फेकून मोजलं. ५५. “साहेब, मशीन बरोबर आहे, तुमचा मालच बोगस आहे,” म्हणाला. एवढ्याने वाद मिटायला हवा होता. मी व्हिडिओही काढला, मीटरचा आकडा दिसेल असा.

मिटला कसला! विक्रेता म्हणाला, बसवलेली वस्तू परत घेत नाही. बरं, बसवल्याशिवाय ती खोटी हे कळणार कसं? ज्या अॅपवरून घेतलं त्यांच्या चॅटवर चार वेगवेगळ्या माणसांना चार वेळा तीच कथा सांगितली, आणि प्रत्येकाने शेवटी ‘आपल्या समाधानासाठी आम्ही कटिबद्ध आहोत’ म्हणून चॅट बंद केलं. तक्रारीच्या फोन नंबरवर नोंद घेतली, नंबर दिला, नवव्या दिवशी मेसेज आला की तक्रार निकाली निघाली. निकाली म्हणजे काय, तर विक्रेत्याने ‘मुदत संपली’ असं लिहून पाठवलं आणि यांनी ते वाचलं. पोलीस चौकीत गेलो तर हवालदार म्हणाले, “वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कशी?” मी म्हटलं, दुधाऐवजी चुन्याचं पाणी दिलं तरी पिशवी मिळालीच म्हणायचं का. ते म्हणाले, चहा घ्या.

खोक्यावर उत्पादकाचा पत्ता नाही, कुठल्या महिन्यात बनवलं ते नाही. पॅकबंद मालावर हे छापणं २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. हे घेऊन एका सरकारी कार्यालयात अर्धा दिवस रजा टाकून गेलो. तिथे सांगितलं, पॅकिंग जिथे झालं त्या जिल्ह्यात तक्रार करा. अहो, पत्ताच नाही ही तर माझी तक्रार! टेबलापलीकडच्या बाईंनी फाइल बंद केली आणि म्हणाल्या, “मग अवघड आहे.” माझ्यासारख्या मोजून-मापून चालणाऱ्या माणसाला त्या क्षणी काय वाटलं ते छापण्याजोगं नाही.

हिशोब: सेट १,८४९, पहिली बसवणी ३५०, दुसरा मेकॅनिक २००, नवा मेम्ब्रेन मिळेपर्यंत अकरा दिवस जारचं पाणी रोज ४० प्रमाणे ४४०. एकूण २,८३९. वाचवले होते २,८५१. बारा रुपये अजून माझ्या बाजूला आहेत, आणि खऱ्या मेम्ब्रेनचे १,७०० यात धरलेलेच नाहीत.

त्या पानावर ४.३ तारे होते. नंतर बसून वाचले तर बहुतेक अभिप्राय माल हातात पडल्याच्या एक-दोन दिवसांतले: ‘पॅकिंग छान’, ‘लवकर आलं’. आकडा एकानेही दिलेला नाही. आधी किती, नंतर किती, असं लिहिणाराच खरा अभिप्राय. ‘बोअरचं पाणी चालेल का’ या प्रश्नाला विक्रेत्याचं उत्तर होतं, ‘येस सर, बेस्ट क्वालिटी’. हे मी ऑर्डरच्या आधी वाचलं होतं. वाचून समाधान झालं होतं.

त्या पानाचे स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी घ्या. मी मेमध्ये घ्यायला गेलो तोवर २००० चं १५०० झालं होतं. मुलाने एप्रिलमध्ये माझ्या थट्टेसाठी काढून ठेवलेला एकच फोटो उरलाय, तोच आता पुरावा. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार भरली आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही, एवढं एक बरं आहे.

मीटर आता आईच्या ताब्यात आहे. सकाळी पहिला पेला भरला की ती आधी त्यात मीटर बुडवते आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी पेन्सिलने आकडा लिहिते. आज ५८ लिहिलंय.