८ जीबी रॅम आणि एक मोकळा स्लॉट: आठ घालावी, सोळा घालावी की जुनी काढून दोन नव्या घ्याव्या?

लॅपटॉपमध्ये ८ जीबीची एक डीडीआर४ स्टिक आहे, शेजारचा स्लॉट रिकामा आहे आणि मशीन आता धापा टाकू लागलं आहे. अशा वेळी समोर तीन वाटा असतात. आणखी ८ घालून १६ करायची, १६ घालून २४ करायची, किंवा जुनी काढून १६-१६ची जोडी बसवून ३२ करायची. बहुतेक जण अडकतात ते स्पीडच्या आकड्यावर. पण खरा अडथळा पिढीचा असतो, खरा फायदा क्षमतेचा असतो आणि स्पीडचा नंबर त्यानंतर लागतो.

पिढीत तडजोड होत नाही. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या लॅपटॉप स्टिकवर खाच वेगवेगळ्या जागी असते आणि पिनाही वेगळ्या: अनुक्रमे २०४, २६० आणि २६२. व्होल्टेजही वेगळं, डीडीआर४ला १.२ आणि डीडीआर५ला १.१. त्यामुळे चुकीच्या पिढीची स्टिक स्लॉटमध्ये बसतच नाही, आणि जोर लावून बसवायला गेलं तर स्लॉट मोडतो. पिढी ओळखताना प्रोसेसरच्या नावावर विसंबू नका. इंटेलच्या बाराव्या पिढीचे प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालवतात. कोणती चालणार ते मदरबोर्ड ठरवतो, त्यामुळे एकाच नावाच्या प्रोसेसरचे दोन लॅपटॉप दोन पिढ्यांचे असू शकतात.

म्हणून मशीनलाच विचारावं. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून हे चालवा:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory | Format-Table DeviceLocator, Capacity, SMBIOSMemoryType, Speed, ConfiguredClockSpeed, PartNumber
```

`SMBIOSMemoryType` खाली २६ आलं तर डीडीआर४, ३४ आलं तर डीडीआर५. ३० किंवा ३५ आलं तर ती एलपीडीडीआर, म्हणजे बोर्डवर डाख देऊन बसवलेली. लिनक्सवर हीच माहिती `sudo dmidecode -t memory` देतं. शिवाय Task Manager मध्ये Performance खाली Memory वर गेलात की Slots used आणि Form factor दिसतं. तिथे SODIMM असेल तर स्टिक काढता येते. Row of chips असेल तर ती रॅम बोर्डलाच चिकटलेली आहे आणि तिसरी वाट तुमच्यासाठी बंद.

एक खबरदारी: Slots used वर '1 of 2' दिसलं म्हणजे दुसरा स्लॉट खरोखर आहेच असं धरू नका. काही मॉडेलांत बोर्डवर स्लॉटची जागा आखलेली असते, पण स्लॉट बसवलेला नसतो. खरेदीआधी एकदा मागचं झाकण उघडून पाहणं किंवा सर्व्हिस मॅन्युअल वाचणं बरं.

आता तीन पर्याय शेजारी शेजारी. मूळ स्टिक ३२०० एमटी वेगाची, म्हणजे सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा डेटा पाठवणारी धरली आहे. चॅनल म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातला डेटाचा रस्ता.

| | ८ + ८ | ८ + १६ | १६ + १६ |
|---|---|---|---|
| एकूण | १६ जीबी | २४ जीबी | ३२ जीबी |
| दोन्ही चॅनलवर चालणारा भाग | सगळा | पहिले १६ जीबी | सगळा |
| एकाच चॅनलवर उरणारा भाग | नाही | ८ जीबी | नाही |
| जुनी स्टिक | वापरात राहते | वापरात राहते | बाजूला पडते |

किती जीबी पुरेल हे अंदाजाने ठरवू नका. रोजचं सगळं काम एकदम उघडा: ब्राउझरचे नेहमीचे टॅब, शीट, मीटिंगचं ॲप, जे काय असेल ते. मग Task Manager च्या Memory पानावर Committed खालचे दोन आकडे पाहा. समजा तिथे 15.3/18.0 GB आहे. पहिला आकडा म्हणजे प्रोग्रामांनी मागून ठेवलेली मेमरी. ८ जीबीच्या मशीनमध्ये ती मावत नाही, म्हणून उरलेला भार डिस्कवरच्या पेज फाइलवर जातो आणि विंडो बदलताना जो अडखळा जाणवतो तो तिथून येतो.

मागितलेली सगळी मेमरी प्रोग्राम प्रत्यक्ष वापरतातच असं नाही, म्हणून हा आकडा वरच्या बाजूचा अंदाज समजा. तरीही १५.३ ला १६ जीबी म्हणजे काठोकाठ, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्यातली थोडी स्वतःसाठी राखून ठेवतं आणि फाइलींच्या कॅशेलाही जागा लागते. या उदाहरणात २४ जीबी घेणंच शहाणपणाचं. Committed ११-१२ च्या आत राहत असेल तर ८+८ पुरे. व्हर्च्युअल मशीन चालवत असाल किंवा आकडा २० च्या पुढे जात असेल, तर १६+१६ शिवाय उपाय नाही.

८+१६ वर नेहमी येणारा आक्षेप म्हणजे 'जोडी जुळत नाही, ड्युअल चॅनल जाईल'. तो अर्धाच खरा आहे. मेमरी कंट्रोलर दोन्ही स्टिकमधले ८-८ जीबी जोडून १६ जीबी दुहेरी चॅनलवर चालवतो. मोठ्या स्टिकमधले उरलेले ८ जीबी एकेरी चालतात. ३२०० च्या स्टिकचा एका चॅनलचा वेग सेकंदाला २५.६ जीबी, दोन चॅनलचा ५१.२. म्हणजे २४ जीबीतला सर्वांत मंद भागसुद्धा आज तुमची सगळी रॅम ज्या वेगाने चालते आहे त्याच वेगाने चालणार. आजच्यापेक्षा कुठेच वाईट नाही, बहुतेक ठिकाणी दुप्पट. यात कुरकुरण्यासारखं काही दिसत नाही.

अपवाद एकच, तोही खरा: वेगळं ग्राफिक्स कार्ड नसताना गेम खेळणारे. तिथे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि वाढलेल्या वेगाचा थेट फायदा त्याला होतो. पण गेमचा डेटा एकेरी भागात पडणार की दुहेरी, हे आपल्या हातात नसतं. त्यामुळे फ्रेमरेट कधी चांगला, कधी कमी असं होऊ शकतं. अशांनी समान क्षमतेची जोडी घ्यावी, ८+८ किंवा १६+१६.

आता स्पीड. दोन स्टिकचा वेग वेगळा असेल तर दोन्ही त्यातल्या हळू वेगावर येतात, आणि प्रोसेसरची मर्यादा त्याहून कमी असेल तर त्या मर्यादेवर. २६६६ च्या लॅपटॉपमध्ये ३२०० ची स्टिक साधारणपणे २६६६ वर निमूट चालते, फक्त जादा वेगाचा उपयोग होत नाही. उलट बाजूने, ३२०० च्या स्टिकशेजारी हाताशी असलेली जुनी २६६६ ची लावली तर? दोन्ही २६६६ वर येतील, पण दोन चॅनल मिळून वेग साधारण ४२.६ जीबी होईल. एकट्या ३२०० च्या २५.६ पेक्षा तो कितीतरी जास्त. फुकटात मिळत असेल तर खुशाल लावा. पैसे देऊन घेत असाल तर मात्र जुनीच्याच वेगाची घ्या.

सीएल म्हणजे मागणी केल्यापासून डेटा येईपर्यंत जाणारे ठोके. त्या आकड्यावरून रात्र जागवायची गरज नाही. ३२०० ला सीएल २२ म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद, २६६६ ला सीएल १९ म्हणजे सुमारे १४.२५. फरक अर्ध्या नॅनोसेकंदाचा. दोन स्टिकचे सीएल वेगळे असले तरी बायोस दोघींना झेपेल असा आकडा स्वतःच निवडतो.

खरा सापळा वेगळाच आहे. काही स्टिकवर ३२०० ठळक छापलेलं असतं, पण तो वेग एक्सएमपी, म्हणजे बायोसमधून वेगळ्या चालू कराव्या लागणाऱ्या जादा वेगाच्या प्रोफाइलमध्ये ठेवलेला असतो आणि त्याला १.३५ व्होल्ट लागतात. बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायची सोयच नसते. मग ती स्टिक तिच्या मूळ वेगावर येते, जो २१३३ किंवा २४०० असू शकतो, आणि सोबत तुमच्या चांगल्या जुन्या स्टिकलाही खाली ओढते. ओळखायची खूण सोपी: तपशिलात १.२ व्होल्ट आणि जेडेक ३२००, म्हणजे मानकानुसारचा ३२०० वेग असेल तर घ्या, १.३५ दिसलं तर सोडून द्या.

लेबलवर आणखी एक बारीक अक्षर वाचण्यासारखं असतं. `8GB 1Rx8 PC4-3200AA` यातलं 1Rx8 म्हणजे स्टिकवर आठ चिप. 1Rx16 असेल तर चारच, आणि अशा स्टिकच्या चिपमध्ये बँक ग्रुप, म्हणजे मेमरीचे आतले गट, निम्मे असल्यामुळे ती तितक्याच स्पीडला थोडी मागे पडते. दोन्ही प्रकार एकत्र चालतात, पण निवडायला मिळालं तर 1Rx8 उचला. लेबलवर PC4-25600 लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, ते ३२०० चंच दुसरं नाव आहे.

बसवताना लॅपटॉप पूर्ण बंद करा. नुसतं स्लीप चालणार नाही. चार्जर काढा आणि झाकण उघडल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. धातूच्या एखाद्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. स्टिक साधारण ३० अंशांच्या कोनात, खाच जुळवून, सोनेरी पट्टी जवळपास दिसेनाशी होईपर्यंत आत सरकवा आणि मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपांचा टक् असा आवाज आला पाहिजे. नव्या स्टिकनंतर पहिल्यांदा चालू करताना पडदा काळा राहिला तर घाबरून लगेच बंद करू नका. बायोस नव्या जोडीचं टायमिंग जुळवत असतो. डीडीआर४ मध्ये हे लवकर उरकतं, डीडीआर५ ला काही मिनिटं लागू शकतात. पुरेसा वेळ देऊनही पडदा काळाच असेल, तर दहापैकी नऊ वेळा स्टिक अर्धवट बसलेली असते. ती काढून पुन्हा बसवा. तरीही नाही, तर नवी एकटीच लावून पाहा. एकटी चालली आणि जोडीने नाही, तर दोघींचं जमत नाही, आणि ती परत करायला हे कारण पुरेसं आहे.

मशीन सुरू झालं की वरची कमांड पुन्हा चालवा. `Speed` म्हणजे स्टिकचा स्वतःचा वेग, `ConfiguredClockSpeed` म्हणजे ती आत्ता चालते आहे तो. दोन्ही ओळींत ३२०० हवं. नव्या ओळीत २४०० दिसलं तर एक्सएमपीचा सापळा लागलाच समजा. दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये १६०० दिसलं तर मात्र काही बिघडलेलं नाही: डीडीआर एका घड्याळी ठोक्यात दोनदा डेटा पाठवते आणि तो प्रोग्राम ठोके मोजतो. शेवटी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा. एकही लाल ओळ आली तर कुठली स्टिक खराब आहे हे एकेक लावून शोधा आणि परतीची मुदत संपण्याआधी ती बदलून घ्या.