दाताच्या क्लिनिकच्या बुकिंग साइटसाठी होस्टिंग: फुकट, शेअर्ड की व्हीपीएस?

नमस्कार मॅडम,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की जाहिरातीत होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, महिना १४९ रुपये दिसतंय मग तू साडेसातशे का सांगतोयस, फोनवर नीट जमलं नाही म्हणून लिहितो.

आधी फुकटवालं. रेंडरसारख्या कंपनीच्या फ्री प्लॅनमध्ये १५ मिनिटं कोणी साइट उघडली नाही की ती झोपते, आणि पुढच्या माणसाला उठवायला जवळजवळ मिनिटभर लागतं. रात्री दाढ दुखतेय आणि पान गोल गोल फिरतंय, पेशंट सरळ दुसरीकडे फोन लावणार. शिवाय झोपलेली साइट संध्याकाळी ८ ला "उद्या ११ वाजता या" असा रिमाइंडर कसा पाठवणार? मला दाखवायला डेमो म्हणून ठीक, बाकी नको.

शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळीतली खोली, एकाच सर्व्हरवर बऱ्याच जणांच्या साइट, नळ सगळ्यांचा एकच. तुमच्याकडे दिवसाला ३०-४० अपॉइंटमेंट, एवढ्याला ते आरामात पुरतं, वेग हा प्रश्नच नाहीये. प्रश्न त्या १४९ चा आहे, तो भाव बहुतेक वेळा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो. ३६ महिने धरा, ५,३६४ आणि त्यावर १८% जीएसटी, म्हणजे आजच साधारण ६,३३० रुपये. नंतर रिन्यूअलला तोच प्लॅन समजा ४४९ झाला तर जीएसटीसकट महिना ५३०. घ्यायच्या आधी रिन्यूअलचा भाव आणि क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, किती मिनिटांनी चालवता येतो हे दोन्ही विचारायचं, कारण रिमाइंडर त्याच्यावरच जातात.

व्हीपीएस म्हणजे स्वतःचा छोटा ब्लॉक. डिजिटलओशन कंपनीचा १ जीबी मेमरीवाला, बंगळुरूतल्या सर्व्हरचा, महिना ६ डॉलर, आठवड्याच्या बॅकअपचे २०% वर म्हणजे ७.२० डॉलर. डॉलर ८८ धरला तर ६३४, जीएसटी धरून ७५० च्या आसपास. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, वर्षाला ९०० धरलं तर महिना ७५ वेगळे. एसएसएल, म्हणजे ब्राउझरमध्ये साइट सुरक्षित दाखवणारं सर्टिफिकेट, फुकट आहे, त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका. पण इथे अपडेट, सिक्युरिटी सगळं आपल्यालाच बघायला लागतं, त्याचे मी महिना ५०० घेतो. म्हणजे एकूण १,३२५. एसएमएसचा खर्च कुठेही घेतलं तरी वेगळाच.

खरं सांगू, मी पैसे घेणार म्हणून व्हीपीएस पुढे करत नाहीये. आत्ता फक्त बुकिंग आणि रिमाइंडर हवं असेल तर शेअर्ड घ्या, पण एकाच वर्षाचं, भाव थोडा जास्त पडला तरी, म्हणजे नाही पटलं तर बाहेर पडता येतं. पेशंटचे एक्स-रे किंवा केसपेपर साइटवर ठेवायचे असतील तर मात्र व्हीपीएसच.

आणि काहीही घेतलं तरी डोमेन आणि होस्टिंगचं अकाउंट तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डावर. माझ्या एका जुन्या क्लायंटचं डोमेन आधीच्या डेव्हलपरच्या नावावर होतं, तो गाव सोडून गेला, रिन्यूअलचे मेल त्यालाच जात राहिले आणि एका सकाळी साइट बंद. परदेशी कंपनीचं ऑटो-डेबिट आपल्या कार्डावर कधीकधी अडकतं, तेव्हा महिन्याच्या सुरुवातीला बिलाचा मेल एकदा बघत जा.

एक्स-रेचं काय ते कळवा, त्याप्रमाणे अकाउंट उघडायला रविवारी क्लिनिकवर येतो, कार्ड आणि ओटीपीचा फोन जवळ ठेवा.