सात महिने फोनवर चेहरा बदलताना: ऊसतोड मुलाखतींसाठी inswapper वापरल्याचा अनुभव

बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या मुलाखती मी घेतो. मुकादमाची उचल, गरोदरपणातलं काम, फडावरचा त्रास या सगळ्यावर त्या मोकळेपणी बोलतात, पण चेहरा दिसू नये ही त्यांची अट असते. पूर्वी मी चेहरा धूसर करायचो. त्यात ओळख लपते, पण बोलताना ओठ कसे थरथरले, नजर कुठे गेली हेही पुसलं जातं. चेहरा बदलणारं मॉडेल हावभाव मूळ बाईचेच ठेवतं आणि फक्त ओळख दुसऱ्या व्यक्तीची घालतं. आमच्या गटातल्या एका कार्यकर्तीने तिचा चेहरा वापरायला लेखी संमती दिली आहे. हे चित्रण कुठल्याही सर्व्हरवर चढवायचं नाही, असं मी बोलणाऱ्या प्रत्येकीला कबूल केलेलं असतं. म्हणून सगळं काम फोनवरच करायचं होतं.

माझा फोन मधल्या किमतीचा आहे: ८ जीबी रॅम, दोन मोठे कोअर, सहा छोटे. मॉडेल `inswapper_128`. ते १२८ बाय १२८ पिक्सेलचा चेहरा घेतं, सोबत ज्याचा चेहरा लावायचा त्याची ५१२ आकड्यांची ओळख घेतं, आणि तेवढाच नवा चेहरा परत देतं. चित्र एवढंसं असलं तरी फाइल ५५० एमबीच्या घरात आहे. परवाना फक्त बिनव्यावसायिक संशोधनासाठी आहे, हे आधीच पाहून ठेवा.

पहिली अडचण मेमरीची आली. फाइल बाइट-अ‍ॅरेमध्ये वाचून मॉडेल चालवणाऱ्या ओएनएनएक्स रनटाइमला दिली की ॲप तिथेच कोसळायचं, कारण ॲपच्या जावा हीपला एवढी जागा मिळतच नाही. फाइलचा पत्ता थेट दिल्यावर मॉडेल नेटिव्ह मेमरीत उघडलं. तरी उघडताना काही क्षण वजनांच्या, म्हणजे मॉडेल शिकलेल्या आकड्यांच्या, दोन प्रती राहतात: एक वाचलेली, दुसरी कोअरला सोयीची करून मांडलेली. `adb shell dumpsys meminfo` मध्ये आकडा एक जीबीच्या वर जायचा. मग मध्येच फोन आला, ॲप मागे गेलं, की अँड्रॉइड ते मारून टाकायचं. पडद्यावर काहीच येत नाही. Logcat मध्ये lmkd ची, म्हणजे मेमरी कमी पडली की ॲप मारणाऱ्या प्रक्रियेची, ओळ दिसली की समजायचं.

सगळ्यात जास्त फायदा एका साध्या गोष्टीने झाला. ५१२ आकडे काढणारं ओळखीचं मॉडेल, `w600k_r50`, स्वतःच १७० एमबीच्या आसपास आहे. पण कार्यकर्तीचा चेहरा बदलत नाही, त्यामुळे ते एकदाच चालवायचं, आकडे जपून ठेवायचे आणि मॉडेल बंद करायचं. ते आकडे जेमतेम २ केबी भरतात. जागा वाचवायला तिथे छोटं `w600k_mbf` घालून पाहू नका. inswapper ला r50 चेच आकडे कळतात. दोन्हींकडून ५१२ च आकडे येत असले तरी त्यांचा अर्थ वेगळा असतो.

आता क्वांटायझेशन, म्हणजे मॉडेलचे आकडे कमी बिटांत मांडणं. आधी वजनं १६ बिटांवर आणली. फाइल अर्धी झाली, पण चालताना मेमरी जवळजवळ तेवढीच राहिली आणि वेगही वाढला नाही. माझ्याकडच्या आवृत्तीत सीपीयूवर बरीचशी गणितं ३२ बिटांतच होत होती, वाटेत फक्त रूपांतराची पायरी वाढली होती. खरा फरक ८ बिटांवर पडला: फाइल १४० एमबीच्या आसपास आली आणि एका चेहऱ्याचा वेळ चार सेकंदांवरून दीड सेकंदाखाली.

पण ८ बिटांची पहिली फाइल चालवली तेव्हा चेहरा कार्यकर्तीसारखा दिसेचना. चेहरा स्वच्छ होता, त्रुटीचा संदेश नव्हता, फक्त ती बाई ती नव्हती. कारण सापडायला आठवडा गेला. ५१२ आकडे मॉडेलला देण्याआधी त्यांना एका तक्त्याने गुणावं लागतं, आणि inswapper ज्या प्रकल्पातलं आहे त्या इनसाइटफेसचा कोड तो तक्ता मॉडेल फाइलमधल्या यादीतला शेवटचा घटक म्हणून उचलतो. क्वांटायझेशनने यादीच्या शेवटी नवे घटक जोडले. शेवटी एखादा सुटा आकडा आला की गुणाकार बिनतक्रार होतो आणि ओळख चुकते. म्हणून तक्ता मूळ फाइलमधून आधीच काढून ठेवा:

```python
import onnx, numpy as np
from onnx import numpy_helper
m = onnx.load("inswapper_128.onnx")
np.save("emap.npy", numpy_helper.to_array(m.graph.initializer[-1]))
```

दुसरा दोष रंगाचा होता. उन्हातल्या सावळ्या चेहऱ्यांवर राखाडी छटा यायची आणि गालावर पट्टे दिसायचे. ८ बिटांत कुठल्या थराचे आकडे कुठून कुठपर्यंत जातात हे नमुना चित्रांवरून ठरतं, आणि मी दिलेले नमुने सगळे घरात, ट्यूबलाइटखाली काढलेले होते. फडावरचं ऊन, डोक्यावरच्या पदराची सावली, कोप्यातला अंधार असे दोनशे चेहरे दिले, पहिला आणि शेवटचा थर ३२ बिटांतच ठेवला, तेव्हा त्वचा पुन्हा त्वचेसारखी दिसू लागली. या दोन थरांनी फाइल फारशी वाढत नाही.

बॅटरीचा हिशेब मात्र अजून बोचतो. दहा सेकंदांच्या चित्रणात ३०० फ्रेम असतात, म्हणजे थंड फोनवर सात मिनिटं. पण तीन-चार मिनिटांत फोन तापतो, कोअरची गती उतरते आणि फ्रेमला दोन सेकंदांहून जास्त लागतात. चार थ्रेड लावून फायदा झाला नाही. मोठ्या कोअरना छोट्यांची वाट पाहावी लागते आणि उष्णता मात्र वाढते. मी दोनच थ्रेड ठेवतो, फोन किती तापलाय हे सांगणारं अँड्रॉइडचं `getThermalHeadroom` मर्यादेजवळ गेलं की काम थांबवतो, आणि प्रत्येक फ्रेम लगेच साठवतो, म्हणजे ॲप मेलं तरी पुढून सुरू करता येतं. लांब मुलाखत रात्री, कव्हर काढून, चार्जरवर. गावात लाइट नसेल तर मोठं काम हातात घेतच नाही.

बॅटरी वाचवण्यासाठी मी एक गोष्ट केली होती, ती कुणी करू नये. चेहरा शोधणं दर फ्रेमला न करता पाचांतून एकदा करायचं आणि मधल्या फ्रेममध्ये जुनीच जागा वापरायची. वेळ वाचला. पण एका ताईंनी हाक ऐकून झटकन मान वळवली, आणि दोन फ्रेममध्ये नवा चेहरा बाजूला सरकून त्यांचा खरा चेहरा उघडा पडला. चालत्या चित्रात ते दिसलंही नाही. थांबवून पाहिल्यावर दिसलं. ओळख पटायला एक फ्रेम पुरते. चित्रण बाहेर गेलेलं नव्हतं, तरी त्या रात्री झोप लागली नाही.

आता शोध प्रत्येक फ्रेमला होतो. चेहरा सापडला नाही किंवा खात्री कमी असली, तर आधीच्या जागेभोवतीचा मोठा भाग सरळ धूसर होतो. चेहरे बदलून झाले की inswapper बंद करून r50 पुन्हा उघडतो आणि प्रत्येक बदललेला चेहरा मूळ बाईच्या आकड्यांशी ताडून पाहतो. साम्य ०.२५ च्या वर गेलं तर ती फ्रेमही धूसर. पूर्ण बाजूने दिसणारे आणि पदराने अर्धे झाकलेले चेहरेच यात जास्त सापडतात. या तपासणीत वेळ आणि बॅटरी दोन्ही जातात, पण ती वगळून एकही चित्रण मी बाहेर देत नाही.

मॉडेल कान, केस, अंगावरचं गोंदण, डोरलं यांना हात लावत नाही. घरच्यांना तेवढ्यावरून माणूस कळतं. आवाज तर वेगळाच बदलावा लागतो. हे मी चित्रणाआधी सांगतो आणि तयार झालेलं त्यांनाच पहिल्यांदा दाखवतो. मागच्या महिन्यात एक मावशी फोन हातात घेऊन बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "तोंड दुसरीचं हाये, पर बोलतीया मीच." मग गोंदणाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "हे तेवढं झाक, दादा." ते १२८ च्या चौकटीबाहेर होतं. मी तेवढा भाग हाताने, फ्रेममागून फ्रेम, धूसर केला.