ताटाचा दर 100, हातात पडलेलं बिल 168 : वीस माणसांच्या जेवणात झालेली फसवणूक

घरी वीस माणसांचं जेवण करायचं ठरलं की स्वतः रांधायचं की केटररला सांगायचं, हा प्रश्न येतोच आणि बहुतेक जण तो ताटाच्या दरावरून सोडवतात. नेमकं तिथेच आम्हाला फसवलं गेलं. खालचा हिशेब कुठल्याही चलनात वाचता यावा म्हणून केटररने सांगितलेला दर 100 धरला आहे. बाकीचे आकडे त्याच प्रमाणात आहेत.

बोलणी करताना त्याने स्वतःच एक तुलना मांडली. म्हणाला, "घरी केलंत तरी ताटाला 90 पडतील. दहाच्या फरकासाठी कशाला दमता?" ते 90 त्याने असे जमवले होते: जिन्नस 45, आचारी 25, वाया जाणारं 10 आणि भांडी 10. ऐकायला पटण्यासारखं होतं. पण नीट पाहिलं तर घरच्या बाजूला मजुरी होती, भांडी होती, नासाडीसुद्धा होती. त्याच्या 100 मध्ये मात्र वाढपी नव्हते, भांडी नव्हती आणि गाडीभाडंही नव्हतं. हे त्याने सांगितलं नाही. "सगळं आमच्यावर सोडा" एवढंच म्हणाला आणि 60 टक्के रक्कम आगाऊ घेतली.

जेवणाच्या दिवशी डबे आले ते थेट स्वयंपाकघराच्या ओट्यावर. त्याच्या माणसांनी ते लगेच मोठ्या आयताकृती ट्रेमध्ये ओतले. खाली गरम पाणी, वर अन्नाचा ट्रे, अशी ती भांडी असतात. अशा पूर्ण आकाराच्या ट्रेचा तळ साधारण 50 बाय 30 सेंटिमीटर असतो. त्यात तीन लिटर रस्सा ओतला की थर जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो, पण ट्रे भरल्यासारखा दिसतो, कारण वरून पाहणाऱ्याला खोली कळत नाही. आमच्या वहिनीने रिकामे डबे उचलून पाहिले. रश्शाच्या डब्यावर दोन लिटरची खूण होती. माणशी दीड पळी म्हणजे 150 मिलिलिटर धरलं तरी वीस जणांना तीन लिटर लागतात. आलं होतं दोन लिटर, आणि शेवटची पाच-सहा माणसं ताट घेऊन आली तेव्हा वाढपी पळीने ट्रेचा तळ खरवडत होता. घरात होतं ते शिजवून वेळ निभावली.

हे वाढपी तसे सरावलेले होते. पहिल्या पंगतीला हात सैल, नंतर आवळलेला. पहिले जेवणारे कौतुक करतात आणि यजमानाला वाटतं, अन्न पुरतंय.

खरा घाव मात्र मोरीपाशी बसला. जेवणं संपल्यावर त्याचा माणूस उष्टी ताटं टबात रचत होता, तोंडाने मोजत. आकडा निघाला 27. माणसं होती वीस, घरची धरून. सात जणांनी गोडासाठी किंवा पुन्हा वाढून घ्यायला नवं ताट घेतलं होतं, कारण हातातलं ताट संपताच वाढपीच ते उचलून नेत होते. तो म्हणाला, "आमच्यात ताटावर बिल असतं, माणसावर नाही." बिल असं: 27 ताटांचे 2700, दोन वाढप्यांचे 300, गाडीभाडं 200, भांड्यांचं भाडं 150. एकूण 3350. वीस माणसांत भागा, माणशी 167.5. हे सगळं पाहुणे दिवाणखान्यात बसलेले असताना, मोठ्या आवाजात. ती वेळ त्याने ठरवूनच साधली, असं माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे त्याला पाठवलेला "20 माणसं, ताट 100" हा संदेश आणि त्यावरचं त्याचं "ओके" होतं. त्यावर वाद घालून सात ताटं कमी करून घेतली. वाढपी, गाडी आणि भांडी यांचे 650 त्याने सोडले नाहीत. शेवटी 2650 दिले, म्हणजे माणशी 132.5. उरलंसुरलं गोड त्याची माणसं डब्यात भरून घेऊन गेली. अन्न आम्ही विकत घेतलेलं असताना!

नंतर तेवढ्याच माणसांचं, त्याच पदार्थांचं जेवण आम्ही घरी केलं आणि प्रत्येक खर्च लिहिला. जिन्नस 760 चे आले, इंधन, बर्फ, कागदी रुमाल वगैरे 80. चिरायला आणि घासायला दोन मदतनीस घेतले, त्यांचे 360. एकूण 1200, माणशी 60. मी आणि माझी जाऊबाई दिवसभर राबलो. ते श्रम फुकट धरणं चूक, म्हणून मदतनिसांच्याच दराने आमचेही 360 धरले, तेव्हा माणशी 78 झाले. शिवाय उरलेलं घरातच राहिलं. म्हणजे त्याच्या 90 मध्येही जिन्नस आणि नासाडी फुगवलेली होती.

यावरून केटरर घेऊच नये, असं मी म्हणत नाही. सगळं धरून माणशी 100 ला जेवण मिळत असेल, तर 22 जास्त देऊन दिवसभराची दगदग वाचवायला मी आनंदाने तयार आहे. अडचण अशी की वीस माणसांसाठी तो दर केटररला परवडणं कठीण असतं. गाडी वीस जणांना जाते तशीच साठ जणांना जाते. दोन वाढपी वीस जणांना लागतात, चाळिसांनाही बहुधा तेवढ्यावर भागतं. आमच्या बिलातले ते 650 वीस जणांत माणशी 32.5 होतात, साठ जणांत वाढपी दुप्पट धरले तरी 16 च्या आसपास. त्यामुळे लहान जेवणाला मोठ्या समारंभाचाच दर कुणी सांगितला, तर तो फरक कुठून तरी काढणार: ताटांच्या मोजणीतून, अन्नाच्या मापातून, किंवा "किमान इतकी ताटं" अशी अट मागाहून पुढे करून.

यंदा ज्याला सांगितलं, त्याने पहिल्याच बोलण्यात 125 सांगितले. महाग वाटलं, पण गाडी, वाढपी, भांडी, घासणं सगळं त्यात होतं. त्याला मी संदेशात एवढंच लिहून मागितलं आणि त्याने शब्दशः उत्तर दिलं: बिल माणसांवर, ताटांवर नाही, माणसं वीस, त्याहून जास्त आली तर प्रत्येकी 125, किमान ताटांची अट नाही, दरापलीकडे काही आकार नाही, उरलेलं अन्न आमचं, आणि प्रत्येक पदार्थ किती लिटर किंवा किती किलो येणार. शिजलेलं अन्न सगळं मिळून माणशी अर्धा किलोच्या आसपास धरायचं असं आम्ही ठरवलं, म्हणजे वीस जणांना दहा किलो. डबे आले तेव्हा ट्रेमध्ये ओतण्याआधी झाकणं उघडून खुणा पाहिल्या. पैसे अर्धे आगाऊ दिले, बाकीचे पैसे डबे तपासल्यावर, पाहुणे यायच्या आधी.