विंडोजचं अपडेट आपोआप होऊ द्यावं की २१ तारखेपर्यंत थांबवावं?

जीएसटीची कामं करणारं एक लहान ऑफिस डोळ्यासमोर आणा. विंडोज ११ चे पाच कॉम्प्युटर, त्यातल्या एकाला जोडलेला आणि बाकीच्यांनी शेअर करून वापरायचा प्रिंटर, डिजिटल सहीचं यूएसबी टोकन आणि ओटीपी येणारा एक फोन. अशा ठिकाणी अपडेटचा प्रश्न कॅलेंडर समोर ठेवूनच सोडवावा लागतो.

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचं अपडेट सोडतं. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात, त्यामुळे ऑफिसला ते भेटतं बुधवारी सकाळी. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान पडतो. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची नेहमीची मुदत ११ तारीख, ३बी ची २०. म्हणजे अपडेट नेमकं हातघाईच्या दिवसांत येऊन बसतं.

आपोआप होऊ देण्याच्या बाजूने सगळ्यात मोठी साक्ष फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसची. त्याने ज्या भोकातून शिरकाव केला ते बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ ला आलं होतं आणि हल्ला झाला १२ मे रोजी. मधले ५९ दिवस ज्यांनी ‘नंतर बघू’ म्हटलं, त्यांच्यातल्या अनेकांच्या फायली कुलूपबंद झाल्या.

लांबवण्याच्या बाजूची साक्ष १४ सप्टेंबर २०२१ ची. त्या अपडेटने शेअर केलेल्या प्रिंटरशी बोलण्याचे नियम कडक केले आणि ठिकठिकाणी प्रिंट द्यायला गेलं की `0x0000011b` ही एरर येऊ लागली. प्रिंटर धडधाकट, केबल ठीक, ज्या कॉम्प्युटरला तो जोडलाय तिथून प्रिंटही निघते. फक्त शेजारच्या टेबलावरून निघत नाही. लोकांनी अपडेट काढून टाकलं किंवा रजिस्ट्रीत बदल करून ती तपासणी बंद केली. काम सुरू झालं, पण बंद केलेलं भोकही परत उघडलं.

दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. माझा कौल असा: चार कॉम्प्युटरवर अपडेट थांबवावं, एकावर होऊ द्यावं. ज्यावरून रिटर्न भरले जात नाहीत असा एखादा कॉम्प्युटर पूर्ण आपोआप ठेवा आणि गुरुवारी त्यावर तीनच गोष्टी करून बघा: शेअर प्रिंटरवर एक पान काढा, टोकन लावून एक सही करा, हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडा. टोकनचा ड्रायव्हर रुसला तर तो इथेच कळू दे, २० तारखेच्या संध्याकाळी नको.

बाकीच्यांवर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन `Pause updates` वापरा. यात एक गोम आहे. मंगळवार १३ तारखेला आला आणि तुम्ही त्याच दिवशी एक आठवड्याचा पॉज घेतला, तर तो संपतो बरोबर २० ला. अशा महिन्यात दोन आठवडे निवडा आणि २१ ला स्वतः `Resume updates` दाबा. मंगळवार ८ ला आला तरी २१ पर्यंतची चालढकल १३ दिवसांचीच होते. ५९ च्या मानाने हा धोका पत्करण्यासारखा आहे. मात्र अपडेट जे भोक बुजवतंय त्याचा वापर करून हल्ले सुरूही झालेत असं मायक्रोसॉफ्ट किंवा सरकारची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन सांगत असेल, तर थांबू नका, त्याच रात्री करून टाका. आणि `Get the latest updates as soon as they're available` हा खटका कामाच्या कॉम्प्युटरवर बंदच बरा.

वर्षातून एकदा येणारी नवी आवृत्ती हे वेगळं प्रकरण. विंडोज होम आणि प्रोमध्ये अशा प्रत्येक आवृत्तीला २४ महिने सुरक्षेची अपडेट्स मिळत राहतात, त्यामुळे सहा महिने थांबलात तरी काही बिघडत नाही. प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीतून ती ३६५ दिवसांपर्यंत लांबवता येते. घेतलीच आणि पटली नाही, तर मागे जायला सहसा १० दिवस मिळतात.

फोनला ही परतीची वाट जवळपास नसतेच. अँड्रॉइडची जुनी आवृत्ती परत टाकायची तर बहुधा फोन पुसावा लागतो, आयफोनवर ॲपलने जुन्या आवृत्तीला मान्यता देणं थांबवलं की तेही संपलं. म्हणून फोनवर मोठी आवृत्ती महिना-दीड महिना थांबवावी, मासिक सुरक्षा अपडेट आणि बँकेची ॲप्स मात्र आपोआप ठेवावीत. आपोआपमध्ये एक फट राहते. रात्री चार्जिंगला लावलेला फोन अपडेट होऊन रीस्टार्ट होतो आणि सकाळी कोणी पासकोड टाकेपर्यंत व्हॉट्सॲप गप्प राहतं, फोन आला तर नावाऐवजी नुसता नंबर दिसतो. सिमला पिन लावलेला असेल तर तो टाकेपर्यंत नेटवर्कच नाही, मग ओटीपी कुठला? तो फोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहत असेल, तर सकाळी पहिला येणाऱ्याला दोन्ही पिन माहीत हवेत.